गोल आणि त्रिकोण: कंबरदुखीवाल्या नवशिक्यांसाठी केलेल्या कॅरूसेलच्या नोंदी

५ मे

जूनच्या नव्या बॅचआधी इन्स्टाग्रामवर एक कॅरूसेल टाकायचं ठरलं. विषय साधा: पहिल्यांदा चटईवर येणाऱ्यांसाठी आसनांचा एक छोटा क्रम, प्रत्येक आसनाबरोबर श्वासाची सूचना आणि दुखापत असलेल्यांनी काय सांभाळायचं ते. २१ जूनच्या योग दिनाच्या सुमारास चौकशीचे फोन वाढतात. "माझ्या कंबरेला त्रास आहे, चालेल ना?" हा प्रश्न त्यात सर्वांत जास्त वेळा येतो. खांदा, गुडघा, मान यांचे प्रश्नही येतात, पण कंबरेच्या खूप मागे. म्हणून हे कॅरूसेल कंबरेला मध्यभागी ठेवून करायचं. बाकीच्या सांध्यांचा उल्लेख जिथे गरज पडेल तिथेच.

क्रम: ताडासन, मार्जारासन, भुजंगासन, बालासन, सेतुबंधासन आणि शेवटी पाय खुर्चीवर ठेवून शवासन. सूर्यनमस्कार मुद्दाम घेतलेला नाही. नवशिक्यांना तोच हवा असतो हे मला ठाऊक आहे. पण त्यातलं पादहस्तासन म्हणजे गुडघे ताठ ठेवून उभ्याने पुढे वाकणं, आणि ते प्रत्येक फेरीत दोनदा येतं. डिस्कचा त्रास असलेल्या माणसाला फोनवरच्या चित्रावरून हे शिकवणं मला पटत नाही.

चित्रं भाचा काढणार. माप १०८० बाय १३५० पिक्सेल. इन्स्टाग्राम आता एका पोस्टमध्ये २० चित्रं घेतं, आपल्याला तेवढी लागणार नाहीत.

८ मे

आज नमुन्यादाखल बरीच कॅरूसेल पाहिली. मराठी, हिंदी, इंग्रजी. जवळपास सगळीकडे एकच पद्धत दिसते: पाच-सहा सुंदर आसनं आणि शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात "पाठदुखी, गुडघेदुखी, उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावे". हे वाक्य चुकीचं नाही, पण ते वाचून कोणाच्याही हालचालीत काही बदलत नाही. कुठली हालचाल, किती, आणि तिच्याऐवजी काय, यातलं त्यात काहीच नसतं.

माझ्या सकाळच्या बॅचमधली दोन माणसं डोळ्यांसमोर ठेवली. एक काका, पन्नाशीतले, स्कूटरवरून रोज कोथरूड ते हडपसर. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली डिस्क सरकलेली, कळ डाव्या पायात पोटरीपर्यंत जाते. मोजे घालायला वाकले की वाढते, शिंक आली की वाढते. उभं राहिलं, थोडं चाललं की त्यांना बरं वाटतं. दुसऱ्या मावशी, सत्तरीच्या. त्यांच्या कण्यातली मज्जातंतूंची वाट वयानुसार अरुंद झालेली. मंडईत दहा मिनिटं फिरल्या की दोन्ही पाय जड होतात, भरून येतात. ओट्यावर कोपरं टेकवून पुढे झुकलं किंवा बसलं की लगेच हलकं वाटतं.

दोघंही फॉर्मवर "कंबरदुखी" एवढंच लिहितात. काकांना पुढे वाकणं सोसत नाही, मावशींना मागे. भुजंगासन काकांना बहुधा मानवेल, पण त्याने मावशींचे पाय जड होतील. बालासनात मावशी सुखावतील आणि काकांची कळ पोटरीत उतरेल. "कंबरदुखी असेल तर टाळा" ही सूचना दोघांना एकाच रांगेत उभी करते. हे कॅरूसेल करायचं तर ही रांग तोडण्यासाठीच करायचं.

१२ मे

फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीकडे दोन तास बसले. तिने दुजोरा दिला आणि मला नीट मांडता येत नव्हतं ते सोप्या शब्दांत मांडून दिलं.

दोन मणक्यांमधली डिस्क म्हणजे बाहेरून चिवट कडी आणि आत मऊ गर. पुढे वाकलं की मणक्यांच्या पुढच्या कडा जवळ येतात आणि गर मागे ढकलला जातो, जिथे कडी आधीच फाटलेली असते आणि शेजारून पायाची नस जाते. मागे वाकलं की उलट घडतं: मागचे सांधे एकमेकांवर येतात आणि नसांची वाट आणखी अरुंद होते. म्हणून वाट अरुंद झालेल्या माणसाला आणि ज्याचा मणका पुढे सरकला आहे त्यालाही मागे वाकणं जड जातं.

तिचा दुसरा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. कळ किती आहे यापेक्षा ती कुठे सरकते ते बघायचं. पायातली कळ वर सरकत कंबरेत गोळा होऊ लागली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी बहुधा दिशा बरोबर आहे. कंबरेतली कळ नितंबात, मांडीत, पोटरीत उतरू लागली तर ती हालचाल तिथेच थांबवायची, कंबर हलकी वाटत असली तरीही. घरी एकट्याने करणाऱ्या माणसाला देता येईल अशी ही एकमेव खरी कसोटी आहे. ती सगळ्या स्लाइडवर यायला हवी.

तिसरा गट तिनेच आठवण करून दिला: ठिसूळ हाडांचा. बॅचमधल्या साठीच्या पुढच्या बायकांत हा गट मोठा आहे आणि त्यांना दुखत नसल्यामुळे त्या फॉर्मवर काहीच लिहीत नाहीत. १९८४ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पाठ मागे नेण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के स्त्रियांचे मणके नव्याने दबले, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के. अभ्यास लहान आहे, पण दिशा इतकी स्पष्ट आहे की पाठ जोर लावून गोल करणं या गटाला सांगायचं नाही, हे मी पक्कं धरलं.

१३ मे

दुसरी स्लाइड लिहिली. हिच्यावर सगळं उभं आहे, त्यामुळे शब्द पुन्हा पुन्हा तपासले.

"आधी आठवून बघा, वाकून बघू नका.
पुढे वाकल्यावर, बराच वेळ बसल्यावर किंवा खोकताना पायात कळ जाते. किंवा हाडं ठिसूळ आहेत, मणका पूर्वी दबला आहे: तुमची खूण गोल.
उभं राहिल्यावर, चालल्यावर पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे झुकलं की बरं वाटतं. किंवा मणका सरकल्याचं सांगितलं आहे: तुमची खूण त्रिकोण.
दोन्ही लागू पडतं, किंवा कळत नाही: ताडासन आणि शवासन एवढंच करा, बाकी फिजिओथेरपिस्टना दाखवून.
नुकतीच इजा किंवा शस्त्रक्रिया झाली आहे: हा क्रम आत्ता तुमच्यासाठी नाही."

पहिली ओळ मैत्रिणीच्या आग्रहावरून. दुखऱ्या डिस्कच्या माणसाला "पुढे वाकून बघा, दुखतं का" असं सांगितलं तर तपासणीच त्याला महागात पडेल. माणसाला आपली कंबर कशाने दुखते हे रोजच्या जगण्यातून माहीत असतंच, तेवढं आठवणं पुरेसं आहे.

आधी खुणांसाठी पिवळा आणि निळा ठिपका धरला होता. भाचा म्हणाला, "आत्या, कोणीतरी याचं काळंपांढरं प्रिंट काढणार, मग दोन्ही ठिपके सारखेच दिसतील." म्हणून आकार घेतले. रंग आहेतच, पण अर्थ आकारात.

१५ मे

सावधगिरी कुठे लिहायची यावर भाच्याशी बराच वाद झाला. त्याला चित्रं स्वच्छ हवी होती आणि सगळ्या सूचना शेवटच्या एका स्लाइडवर. मी मान्य केलं नाही, आणि कारण आमच्याच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आहे. तिथे कोणीही अख्खं कॅरूसेल पाठवत नाही. एखादं आसन आवडलं की त्या एका स्लाइडचा स्क्रीनशॉट येतो, खाली "रोज सकाळी करा" असं लिहून. स्लाइड एकटी प्रवास करते, सूचना मागे राहते. शिवाय इन्स्टाग्राम पहिली स्लाइड नुसती बघून पुढे गेलेल्या माणसाला काही वेळाने तीच पोस्ट दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. म्हणजे कोण कुठून सुरुवात करेल ते आपल्या हातात नाही.

म्हणून नियम ठरला: प्रत्येक स्लाइड एकटी सापडली तरी पुरेशी असावी. चित्र, श्वास, गोल-त्रिकोणाची ओळ, आणि तळाशी "कळ पायात खाली उतरली की थांबा". गोल म्हणजे काय हेही थोडक्यात त्याच ओळीत: "गोल (पुढे वाकून दुखतं)". तेच चार शब्द प्रत्येक वेळी दिसतील, तरी चालेल.

याची किंमत अशी की एका स्लाइडवर पस्तीस-चाळीस शब्दांच्या वर जाता येत नाही. साठीच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून सर्वांत लहान अक्षर ४० पिक्सेलचं धरलं. जे बसणार नाही ते कापायचं. आसनांचे फायदे सगळे गेले. मला त्याचं दुःख नाही.

१९ मे

भाच्याने भुजंगासनाचं पहिलं चित्र आणलं. रेषा फार छान. पण आकृतीचे हात कोपरापासून ताठ, छाती उभी, डोकं मागे टाकलेलं. कुठल्याही फोटोसंग्रहात भुजंगासन असंच मिळतं. त्याखाली आम्ही "थोडंच उचला" लिहिणार होतो.

चित्र आणि वाक्य यांत विसंगती असेल तर माणूस चित्राचं ऐकतो. हे मी वर्गात रोज बघते: तोंडाने सांगितलेलं अर्धवट पोहोचतं, समोरच्याने केलेलं पूर्ण. चित्रात जेवढा कोन तेवढाच प्रयत्न घरी होणार. नवशिका हात ताठ करून छाती वर ढकलतो तेव्हा खांदे कानांकडे जातात, पाठीचा वरचा ताठर भाग जागचा हलत नाही आणि सगळा वाक कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांत गोळा होतो. म्हणून चित्रातला कोन हीच मात्रा आहे, आणि तीच बदलायची.

भाच्याला सकाळच्या बॅचला बसवलं. लवचिक मुलीकडे न बघता चाळिशीच्या एका ताठर पाठीच्या दादाकडे बघून रेखाटायला सांगितलं, त्यांच्या परवानगीने, चेहरा न काढता. नव्या चित्रात कोपरं वाकलेली आणि बरगड्यांजवळ, बेंबी चटईवर, नजर चटईच्या पुढच्या कडेवर, मान पाठीच्याच रेषेत. छाती जमिनीपासून जेमतेम वीतभर. भाच्याला वाटलं हे आसन दिसतच नाही. मला ते हवं तसं दिसलं. नजर खाली ठेवल्याने मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांची वेगळी ओळही वाचली.

त्रिकोणवाल्यांसाठी: "छाती उचलू नका. पोटाखाली उशी घेऊन पालथे पडा, हातांवर कपाळ." त्यांना आसन वगळा असं सांगितलं नाही, जागेवर करायला काहीतरी दिलं. नुसतं "टाळा" लिहिलं की माणूस एक तर सगळं सोडतो किंवा सूचनाच सोडतो.

२२ मे

मार्जारासनाची स्लाइड या कामातली सगळ्यांत बोलकी ठरली, कारण दोन्ही दिशा तिच्यात शेजारी शेजारी आहेत. चित्राचे दोन भाग केले. डावीकडे हात-गुडघ्यांवर, पाठ किंचित खोलगट, छाती पुढे: "श्वास घेत". उजवीकडे पाठ गोल, हनुवटी आत: "श्वास सोडत". आणि मध्ये तिसरी, फिकट आकृती: पाठ सपाट. ही मधली आकृती महत्त्वाची, कारण गोलवाले डावीकडून मध्यापर्यंतच येणार आणि त्रिकोणवाले उजवीकडून मध्यापर्यंतच. उजव्या चित्राखाली गोलाची खूण काट मारून, डाव्या चित्राखाली त्रिकोणाची. एका आसनाचा अर्धा भाग तुमचा, अर्धा नाही, हे वाचल्याशिवायही कळतं.

काकांसाठी ते असं उतरतं: सपाट पाठीपासून सुरुवात, श्वास घेत छाती पुढे आणि शेपटीचं हाड किंचित वर, श्वास सोडत परत सपाट. पाठ फुगवायची नाही. सहा वेळा, हळू. मावशींसाठी: सपाट पाठीपासून श्वास सोडत पाठ सावकाश गोल, श्वास घेत परत सपाट. पोट खाली सोडायचं नाही. मावशींची हाडं तपासलेली आहेत आणि घनता ठीक आहे, म्हणून हे त्यांना चालतं. तसं नसतं तर दोन्ही खुणा लागू होऊन त्या ताडासन-शवासनाच्या ओळीत गेल्या असत्या.

एक वेळेची सूचनाही इथेच घातली. रात्रभर आडवं राहिल्यावर डिस्क पाणी शोषून फुगते, त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासात पुढे वाकण्याचा ताण तिच्यावर जास्त येतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात जुनाट कंबरदुखी असलेल्यांना फक्त सकाळचं पुढे वाकणं टाळायला सांगितलं होतं, आणि त्यांचं दुखणं कमी झालं. पुण्यात योग म्हणजे पहाटे साडेपाच-सहाची बॅच, गजर बंद करून थेट चटईवर. म्हणून: "गोल: उठल्यावर तासाभराने करा." माझ्या स्वतःच्या सहाच्या बॅचमध्येही पुढे वाकणारी आसनं आता शेवटी नेली आहेत.

मनगटाचं थोडक्यात: तळहात टेकवून दुखत असेल तर मुठी टेकवा, तेही जमत नसेल तर खुर्चीच्या बैठकीवर कोपरापासून हात ठेवा. गुडघ्यांखाली सतरंजीची घडी, सगळ्यांसाठीच.

२६ मे

श्वास. स्थिर चित्रात श्वास दाखवायचा कसा हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता.

एक मसुदा असा होता: आसनाचं चित्र, खाली "३ श्वास थांबा". चार विद्यार्थ्यांना काही न सांगता फोन हातात दिला. त्यातल्या दोघांनी भुजंगासनात छाती उचलली आणि श्वासच थांबवला, मनात तीन आकडे मोजले आणि धापकन खाली आले. त्यांचं वाचणं चुकलं असं मी म्हणणार नाही, तसा अर्थ निघतोच. आणि हा बारीकसारीक मुद्दा नाही. घसा बंद करून जोर लावला की पोटातला दाब वाढतो, तो डिस्कवर येतो, आणि रक्तदाबही त्या क्षणी चढतो. शिंकताना काकांच्या पायात कळ जाते ती याच कारणाने.

बदल दोन. पहिला, श्वास आसनावरून काढून हालचालीवर ठेवला. प्रत्येक स्लाइडवर सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन आकृत्या, मधल्या बाणावर "श्वास सोडत" किंवा "श्वास घेत". वाक्यातही श्वास आधी, क्रिया नंतर: "श्वास सोडत कंबर उचला." आधी "कंबर उचला आणि श्वास सोडा" होतं, त्यात माणूस आधी उचलतो, मग श्वास शोधतो. दुसरा बदल, थांबण्याची सूचना अशी: "इथेच राहा, श्वास चालू. तीनदा आत-बाहेर."

सेतुबंधात उचलताना श्वास घ्यायचा की सोडायचा यावर शिक्षकांत दोन मतं आहेत, आणि दोन्हींना आधार आहे. मी सोडत उचलणं घेतलं. श्वास सोडताना खालचं पोट आपोआप आत येतं, ओटीपोट मागे वळतं आणि कंबर कमानीसारखी ताणली न जाता एकसंध वर येते. त्रिकोणवाल्यांना हे सोसतं, फक्त उंची अर्धीच. शिवाय जोर लावताना श्वास सोडला जात असेल तर तो कोंडायचा धोकाच राहत नाही. या आसनात मान बाजूला वळवायची नाही, ही ओळ सगळ्यांसाठी.

कसोटी म्हणून एक वाक्य तळाशी घातलं: "या स्थितीत आपलं नाव मोठ्याने म्हणता आलं पाहिजे." श्वास कोंडला असेल तर आवाज निघत नाही. घरी एकटा असलेला माणूस हे लगेच ताडून बघू शकतो.

२९ मे

बालासन. सगळीकडे हे विश्रांतीचं आसन म्हणून येतं, आणि गोलवाल्यांसाठी तेच सगळ्यांत अवघड: पाठ पूर्ण गोल आणि वर शरीराचा भार. त्यांच्यासाठी मकरासन दिलं, पालथं पडून हातांवर कपाळ. बालासनाच्या स्लाइडवर ते चित्र लहान न काढता बरोबरीच्या आकाराचं काढायला सांगितलं. पर्याय लहान काढला की तो कमीपणाचा वाटतो आणि काका मूळच करायला जातात.

गुडघ्याचं इथे सांगायलाच हवं. टाचांवर बसताना गुडघा पूर्ण दुमडतो आणि गुडघ्यातल्या गादीचा मागचा भाग मांडी-नडगीच्या मध्ये चिमटला जातो. ती फाटलेली असेल तर गुडघ्याच्या मागे किंवा आतल्या बाजूला टोचतं. उपाय: पोटऱ्या आणि मांड्या यांच्यामध्ये लोड, म्हणजे गुडघा अर्ध्यावरच थांबतो. गुडघा बदललेल्यांनी हे जमिनीवर न करता खुर्चीत बसून, समोर टेबलावर उशी ठेवून पुढे टेकायचं.

लोड, उशी, खुर्ची या वस्तू चित्रांत ठसठशीत दिसायला हव्यात. बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था १९७५ पासून शिवाजीनगरला आहे, त्यामुळे पुण्यात लाकडी वीट आणि पट्टा हा प्रकार अनेक घरांत पोहोचलेला आहे. आधार घेणं म्हणजे आसन अर्धवट, असं इथले जुने साधक मानत नाहीत, पण नवशिक्याला ते अजून ठाऊक नसतं. भाच्याला म्हटलं, बाजारातला बोल्स्टर काढू नकोस, घरातला तक्क्या काढ. खुर्ची प्लॅस्टिकची असेल तर फरशीवर सरकते. चित्रात ती भिंतीला टेकलेलीच हवी.

३ जून

पूर्ण मसुदा काका आणि मावशी दोघांना फोनवर दिला. मी खोलीच्या कोपऱ्यात, सूचना द्यायच्या नाहीत असं ठरवून.

काकांनी दुसरी स्लाइड वाचली, "मी गोल" म्हणाले आणि मार्जारासन अर्धंच केलं, अगदी हवं तसं. भुजंगासन, मकरासन ठीक. सेतुबंधही. मग खुर्चीवर पाय ठेवून शवासन झालं, आणि उठताना ते सरळ कंबरेतून उठून बसले, पाय अजून खुर्चीवरच. चेहरा आक्रसला, हात डाव्या मांडीवर गेला. दहा मिनिटं सांभाळून केलेलं एका क्षणात मागे पडलं. मावशींची अडचण दुसऱ्या टोकाला: ताडासनातून मार्जारासनात जाताना जमिनीवर उतरायचं कसं, हेच कुठे नव्हतं. त्या हात टेकायला काही शोधत राहिल्या.

पुढची स्लाइड म्हणजे पुढचं आसन, असं कॅरूसेलमध्ये होतं. मधला प्रवास कोणी काढत नाही. वर्गात तो मी बोलून भरते. इथे तो चित्रातच हवा. मैत्रिणीशी रात्री फोनवर बोलले. तीही म्हणाली, तिच्याकडे येणाऱ्यांत आसनातून उठताना-बसताना दुखावलेलेच जास्त असतात.

नवी स्लाइड ताडासनानंतर, "उतरणं आणि उठणं", चार आकृत्यांची. खुर्चीला धरून एक गुडघा टेकवा, मग दुसरा, मग दोन्ही हात. आडवं व्हायचं तर आधी कुशीवर. उठताना याच्या उलट: पाय खुर्चीवरून खाली, गुडघे दुमडून दोन्ही एकदम बाजूला, कुशीवर, मग श्वास सोडत हाताने जमीन ढकलून बसा. पोटाच्या जोरावर सरळ उठू नका. शवासनाच्या स्लाइडवरही शेवटची ओळ तीच, कारण तीही एकटी फिरणार.

५ जून

काकांनी नवी स्लाइड बघून पुन्हा केलं. कुशीवर वळून उठले, पायात काही उतरलं नाही. मावशींनी त्रिकोण बरोबर ओळखला, पण ताडासनात हात वर नेऊन उभं राहायला त्यांना भिंत लागली. "तोल जात असेल तर पाठीमागे भिंत" ही ओळ घातली. खांदा आखडलेल्यांनी हात जिथपर्यंत न दुखता जातात तिथपर्यंतच, एवढंच. आखडलेल्या खांद्याला याहून जास्त जागा लागते आणि ती या क्रमात नाही.

८ जून

शेवटची स्लाइड मैत्रिणीने लिहून दिली, मी फक्त शब्द सोपे केले. आसन थांबवायचं कधी आणि थेट रुग्णालयात जायचं कधी, हे वेगळं केलं.

थांबा: कळ किंवा मुंग्या पायात खाली उतरल्या, सांध्यात टोचलं, चक्कर आली, श्वास कोंडावाच लागला. दोन दिवसांनंतरही आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर पुन्हा करण्याआधी दाखवा.

वाट न बघता रुग्णालयात: लघवी किंवा शौचावर ताबा राहत नाही, लघवी अडली, मांड्यांच्या मधल्या, बसण्याच्या जागेची जाणीव गेली, पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, पाऊल उचलता येत नाही. कण्याच्या तळाशी नसांचा जुडगा दबला की हे होतं आणि तासातासाला फरक पडतो. लोक लघवीचा आणि कंबरेचा संबंध लावत नाहीत आणि संकोचाने बोलतही नाहीत. म्हणून भाषा सभ्य पण उघडी ठेवली. भाचा जरा अडखळला, पण त्याने तसंच टाकलं.

अंतिम क्रम: मुखपृष्ठ, खुणा, ताडासन, उतरणं-उठणं, मार्जारासन, भुजंगासन, बालासन-मकरासन, सेतुबंधासन, शवासन, थांबा. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात "कंबर दुखते? आधी तुमची खूण ओळखा" आणि खाली बारीक "नवशिक्यांसाठी सहा आसनं". प्रत्येक चित्राला मराठीत पर्यायी मजकूरही लिहिला, म्हणजे फोनवर मजकूर ऐकणाऱ्यांनाही कुठे पाठ सपाट आणि कुठे गोल ते कळेल.

१० जून

सकाळी पोस्ट केलं. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपमध्ये मार्जारासनाची स्लाइड एकटीच येऊन पोहोचली होती, खुणा आणि तळाच्या ओळीसकट.

नव्या बॅचच्या फॉर्ममधला "काही त्रास आहे का?" हा रकाना काढून दुसऱ्या स्लाइडचे प्रश्न जसेच्या तसे घातले, आणि हाडांची घनता तपासली आहे का हा एक प्रश्न वाढवला. चटईच्या डोक्याकडच्या कोपऱ्यात खडूने गोल किंवा त्रिकोण काढायचा, म्हणजे शिकवताना मला लांबूनही दिसेल. मैत्रीण खांद्यासाठी असंच काही करू म्हणते आहे. तिथे आखडलेला खांदा आणि फाटलेला स्नायू यांना वेगळं करणारा प्रश्न आधी तिच्याकडून घ्यायचा, चित्रं नंतर.